दोरी बांधलेली खुर्ची: एका रिकाम्या इमारतीच्या लेव्हलचं प्रकरण

आमच्या व्हिडिओ गेमच्या पहिल्या प्लेटेस्टला आलेला पहिलाच खेळाडू तळमजल्याच्या दारातून आत शिरला, समोरची खुर्ची पाहून थबकला आणि म्हणाला, ‘अच्छा, इथे कुणाला तरी बांधून ठेवलं होतं.’

मी मागे बसून वहीत टिपणं घेत होते. पेन तिथेच थांबलं. कारण त्या खुर्चीवरून एका आजारी माणसाला दोघांनी दोन मजले उतरवून सुखरूप बाहेर काढलं होतं. आमच्या सबंध लेव्हलची गोष्ट तीच होती. पुढच्या खेळाडूनंही छळच वाचला. त्या दिवशीच्या सहा जणांपैकी चौघांनी छळ किंवा अपहरण सांगितलं, एकाला काहीच कळलं नाही आणि एकानं खुर्चीकडे पाहिलंही नाही.

लेव्हल लहान होती. तळमजला आणि वर दोन मजले, प्रत्येक मजल्यावर दोन खोल्या, मधोमध जिना. अट अशी की एकही संवाद नाही, ध्वनिमुद्रण नाही, चिठ्ठी किंवा डायरीही नाही; काय घडलं ते खेळाडूनं नुसत्या वस्तूंवरून ओळखायचं. चिठ्ठ्यांवरची बंदी माझ्याच आग्रहाची. पडक्या इमारतीत दर टेबलावर कुणीतरी आपलं मन मोकळं केलेला कागद सापडतो, याचा मला कंटाळा आला होता.

घडलेली हकिगत आम्ही स्वतःपुरती कागदावर नीट लिहून काढली होती. इमारतीच्या एका कोपऱ्याखाली सांडपाण्याचा पाइप फुटतो, माती वाहून जाते आणि तो कोपरा हळूहळू खचू लागतो. भिंतीला तिरकी भेग पडते. रखवालदार भेगेवर लक्ष ठेवतो. एक कुटुंब वेळेवर निघून जातं, दुसरं घाईघाईनं निघतं. दुसऱ्या मजल्यावरच्या, चालता न येणाऱ्या माणसाला शेवटी खुर्चीवर बसवून खाली आणावं लागतं. एवढंच. भूत नाही, खून नाही.

आणि नेमकं तेच नडलं. रिकाम्या इमारतीत शिरणारा खेळाडू कोऱ्या मनानं येत नाही. त्यानं आधी खेळलेल्या डझनभर अंधाऱ्या इमारती तो सोबत घेऊन येतो, आणि त्या इमारतींमध्ये दोरी बांधलेल्या खुर्चीचा अर्थ एकच असतो. आमची खुर्ची खोटं बोलत नव्हती. तिच्याआधी कुणी काही बोललंच नव्हतं, म्हणून जुन्या खेळांनी तिच्या वतीनं बोलून टाकलं.

गेम डिझायनर हार्वी स्मिथ आणि मॅथियस वर्च यांनी २०१० च्या जीडीसी या गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत याच विषयावर, म्हणजे जागेतून आणि वस्तूंतून गोष्ट सांगण्यावर, व्याख्यान दिलं होतं. त्याचं शीर्षक मराठीत सांगायचं तर ‘इथे काय घडलं?’ असं होतं. प्लेटेस्टनंतर विचारायला मला याहून चांगला प्रश्न अजून सापडलेला नाही. ‘समजलं का?’ असं विचारलं की लोक भिडेखातर हो म्हणतात. ‘इथे काय घडलं?’ विचारलं की गोष्ट सांगावी लागते. त्यावर आम्ही दुसरा प्रश्न जोडला: ‘हे तुम्हाला कशावरून वाटलं?’ दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं जास्त कामाची ठरली. छळ वाचणाऱ्या चौघांनीही खुर्चीच्या हातांवरची दोरी दाखवली. आमच्या मॉडेलरनं माणूस पडू नये म्हणून हातांनाही दोन वेढे मारले होते. व्यवहारात ते बरोबरच होतं, पण चित्रात ते घातक ठरलं.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच आम्ही केला: खुर्ची सुधारली. हातांवरची दोरी काढली. खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी लांब लाकडी दांडे घातले आणि दोरी फक्त दांडा आणि पाय जिथे एकमेकांना टेकतात तिथेच ठेवली. धरायच्या टोकांना फडकी गुंडाळली. पाठीवर चादर बांधली, बैठकीवर उशी ठेवली. आता ती डोलीसारखी दिसत होती, निदान आम्हाला तरी. पुन्हा दोघांना बसवलं. एक म्हणाला, ‘काहीतरी विधी वगैरे?’ दांड्यांमुळे छळाच्या जागी पंथ आला!

तेव्हा लक्षात आलं की दुरुस्ती खुर्चीत नाही, खुर्चीच्या आधी करायची आहे. हे दांडे कुठून आले, हे खेळाडूनं खुर्ची दिसण्याआधी पाहिलेलं असलं पाहिजे.

दांडे पडद्यांचे होते. आजारी माणसाच्या खोलीला तीन खिडक्या. दोन खिडक्यांवरचे दांडे काढले, भिंतीतले ब्रॅकेट तसेच ठेवले, पडदे खिडकीखाली जमिनीवर टाकले. पहिल्या मांडणीत तिन्ही खिडक्यांचे दांडे नव्हते, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पडकी इमारत, पडदे पडलेले, त्यात नवल काय? ‘चोरांनी नेलं असेल’ असं एकानं सहज म्हटलं. तिसऱ्या खिडकीवर दांडा आणि पडदा शाबूत ठेवल्यावर चित्र फिरलं. शेजारी एक पूर्ण खिडकी असली की उरलेल्या दोन खिडक्यांतली उणीव दिसते. नसलेली वस्तू दाखवायची तर तिची जुळी वस्तू जागेवर ठेवावी लागते. नसता खेळाडूच्या दृष्टीनं ती वस्तू कधी नव्हतीच.

हाच हिशोब पलंगांना लावला. त्या खोलीत दोन पलंग. एकावर निळ्या पट्ट्यांची चादर आणि तशीच उशी, दुसऱ्यावर नुसती गादी, मधोमध खोलगट झालेली. खुर्चीवरची चादर आणि उशी सोडली तर ही निळी पट्टी आम्ही सबंध लेव्हलमध्ये इतर कुठेही वापरली नाही. टेक्स्चर आर्टिस्टला ते नीट सांगावं लागलं, कारण चादर छान झाली होती आणि त्यानं ती खालच्या दोन खोल्यांतही टाकून ठेवली होती.

पण यातलं काहीही उपयोगी पडणार नव्हतं, कारण खेळाडू तळमजल्यावरून वर जात होता. खुर्ची आधी, खिडक्या नंतर. म्हणजे उत्तर आधी आणि प्रश्न मागाहून. मग आम्ही प्रवेशच उलटा केला. खेळाडू शेजारच्या गच्चीवरून या इमारतीच्या गच्चीवर येतो आणि खाली उतरतो, म्हणजे ज्या वाटेनं खुर्ची गेली त्याच वाटेनं. ब्लॉकआउट, म्हणजे ढोबळ आकारांची मांडणी, झालेल्या लेव्हलचा प्रवेश बदलणं सोपं काम नाही. उजेड, अडथळे, कुलूपबंद दारं, सगळं नव्यानं बसवावं लागलं, त्यात आठवडाभर गेला. पण त्या एका बदलानं जेवढं साधलं तेवढं बाकीच्या सगळ्या प्रॉप्सनी मिळून साधलं नसतं.

त्यातून एक फायदा असा झाला जो आम्ही योजलेला नव्हता. अवजड खुर्ची वळणावरून नेताना दांड्याची टोकं भिंतीला लागणारच, म्हणून प्रत्येक वळणावर जमिनीपासून साधारण ८० सेंटिमीटर उंचीवर गिलाव्याला खोल ओरखडे काढले होते आणि पायरीवर गिलाव्याचे तुकडे टाकले होते. वर चढणाऱ्या खेळाडूंपैकी एकालाही ते दिसले नव्हते. जिना चढताना माणूस वरच्या मजल्याच्या दाराकडे बघतो, उतरताना पायरीकडे. उतरणाऱ्याच्या नजरेच्या रेषेत तो ओरखडा आपसूक येतो. मधल्या टप्प्यावर आम्ही एक पाण्याचा पेला आणि एक विझलेली विजेरी ठेवली, आणि तिथे खुर्चीच्या पायांच्या चार खुणा काढल्या. दम लागला म्हणून टेकले. दुसऱ्या फेरीतल्या एका खेळाडूनं तिथे उभं राहून मागे दुसऱ्या मजल्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि म्हणाला, ‘बाप रे, अजून एवढे उरलेत.’ त्यानं खुर्ची अजून पाहिलेलीही नव्हती.

आता भेगेकडे येते, कारण ‘का’ या प्रश्नाचा सगळा भार तिच्यावर होता.

इमारतीचा टोकाचा कोपरा खाली बसतो तेव्हा भिंतीतली तिरकी भेग सहसा वर रुंद आणि खाली अरुंद असते. आमच्या आर्टिस्टनं सुरुवातीला उलटं काढलं होतं, तळाशी मोठी आणि वर जाता जाता बारीक, झाडाच्या बुंध्यासारखी. दिसायला ते जास्त नाट्यमय होतं. पण वरून उतरणाऱ्या खेळाडूसाठी खरा प्रकारच सोयीचा ठरला. दुसऱ्या मजल्यावर भेगेतून बाहेरचा उजेड येतो, पहिल्यावर बोट जाईल एवढी, तळाशी नुसती रेघ. धोका वर किती होता ते खोलीत पाऊल टाकताच कळतं.

भेग वाढतेय हे मात्र स्थिर चित्रात दाखवायचं कसं? प्रत्यक्षात भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवतात. भिंत हलली की काच तडकते. आम्हाला ही पद्धत भलतीच आवडली होती आणि आम्ही ती जशीच्या तशी घेतली. खेळाडूंना ती दिसलीच नाही. मंद उजेडात भिंतीवरची पारदर्शक पट्टी म्हणजे नसल्यात जमा, आणि ज्यांना दिसली त्यांना ती फुटकी काच वाटली. मग काचेऐवजी प्लास्टरचे ठोकळे लावले. तीही खरीच पद्धत आहे. काळवंडलेल्या भिंतीवर पांढरा ठोकळा लांबूनही दिसतो आणि त्याच्यातून गेलेली चीरही दिसते.

तरी ठोकळ्याचा अर्थ माहीत असणारे लोक किती? बांधकामाशी संबंध नसलेल्याला तो डाग वाटतो. इथे शिकवावं लागतं, आणि शब्दांशिवाय शिकवायचं तर एकाच गोष्टीच्या तीन अवस्था एकाच नजरेत याव्यात. भेगेवर ओळीनं तीन ठोकळे लावले: सर्वांत जुना, पिवळट पडलेला, पूर्ण दुभंगलेला आणि दोन्ही तुकडे एकमेकांपासून सरकलेले. त्याच्याशेजारी दुसरा, मधून तडकलेला. तिसरा सर्वांत पांढरा, केसाएवढी चीर गेलेला. खाली स्टुलावर प्लास्टर कालवलेलं घमेलं, त्यात थापी तशीच घट्ट रुतलेली. कुणीतरी पुन्हा पुन्हा येऊन तपासत होतं आणि शेवटच्या वेळी थापी धुवायलाही थांबलं नाही, एवढं बहुतेकांनी वाचलं.

भेगेच्या टोकाशी तारखा लिहायचा बेत होता. तो दोन कारणांनी सोडला. एक म्हणजे ३/४ ही तारीख कुणी मार्चमध्ये वाचतो, कुणी एप्रिलमध्ये, आणि क्रम चुकला की भेग मिटत चालल्यासारखी वाटते. दुसरं कारण निव्वळ तांत्रिक. भिंतींवर चढवलेलं आमचं टेक्स्चर एका मीटरला ५१२ पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल जवळपास २ मिलिमीटरचा. पेन्सिलची रेघ त्याहून बारीक. ती एकतर पुसट करड्या धुक्यासारखी दिसते, नाहीतर मुळीच दिसत नाही. शेवटी भेग जिथपर्यंत पोचली होती तिथे लाल खडूच्या जाड आडव्या रेघा मारल्या, बोटभर रुंद. एकापुढे एक चार रेघा आणि भेग चौथीच्याही पुढे गेलेली. आकडा एकही नाही.

त्या रेघा आमच्या मशीनवर दिसायच्या आणि प्लेटेस्टच्या मशीनवर दारातून दिसायच्या नाहीत, हा घोळ दोन दिवस चालला. कारण फालतू निघालं. आमच्या अनरिअल या गेम इंजिनमध्ये डिकलला, म्हणजे पृष्ठभागावर वरून उमटवलेल्या चित्राला, `Fade Screen Size` नावाची सेटिंग असते. पडद्यावर डिकल ठराविक आकाराहून लहान दिसू लागला की तो विरत जातो. आम्ही एडिटरमध्ये भिंतीला नाक लावून काम करत होतो, खेळाडू लांबून बघत होता. शिवाय पडदाही लहान होता. पुराव्याच्या सगळ्या डिकलसाठी ती किंमत कमी केली. त्याच सुमारास भेगेचा डिकल शेजारच्या कपाटावरही उमटलेला सापडला, म्हणजे भिंतीबरोबर कपाटही खचलं होतं म्हणायचं. कपाटाच्या मेशवरचं `Receives Decals` बंद केल्यावर ते थांबलं.

खचलेली जमीन दाखवणं सर्वांत अवघड गेलं. कोपऱ्यातल्या खोलीची जमीन आम्ही खरोखरच २ अंशांनी कलती केली. चार मीटरच्या खोलीत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत १४ सेंटिमीटरचा फरक पडतो. खऱ्या खोलीत एवढ्या उतारावर उभं राहिलं की पायाला लगेच जाणवतं. खेळात कुणालाच कळलं नाही, कारण खेळाडूला पाय नसतात. कॅमेरा सरळच राहतो, आणि भिंती-छतही त्याच कलानं झुकले असल्यानं तुलनेला काही उरत नाही. कल ४ अंशांवर नेला तेव्हा फक्त खोली चुकून वाकडी बनवल्यासारखी दिसू लागली.

म्हणून कल पुन्हा २ अंशांवर आणला आणि तो माणसांनी कसा निभावला ते दाखवलं. टेबलाच्या उताराकडच्या दोन पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या. जमिनीवरच्या बाटल्या, एक चेंडू, सुटी बटणं, जे गोल आहे ते सगळं एकाच भिंतीशी जमलेलं. आणि दार. चौकट वाकडी झाली की दार वरच्या कोपऱ्यात घासतं. आमच्या दाराची वरची कड रंध्यानं तासलेली आहे, दोनदा. पहिल्यांदा तासलेलं लाकूड मळून तपकिरी झालंय, दुसऱ्यांदा तासलेला निमुळता पट्टा अजून फिकट आहे, आणि कोपऱ्यात साचलेल्या धुळीखाली लाकडाचा भुसा आहे. दार तरीही पूर्ण लागत नाही. सबंध लेव्हलमध्ये माझी सर्वांत आवडती जागा हीच. दहा जणांत दोघांनी ती पाहिली असेल, पण ज्यांनी पाहिली ते ‘ही माणसं इथे महिनोन्महिने राहिली होती’ असं आपणहून म्हणाले. अशा ठिकाणी मुख्य धागा टांगायचा नसतो, कारण ती हुकली तरी गोष्ट तुटता कामा नये.

बाटल्यांनी वेगळाच त्रास दिला. उत्साहाच्या भरात आम्ही त्यांचं `Simulate Physics` चालू ठेवलं होतं, म्हणजे त्या खरोखरच घरंगळून कोपऱ्यात जायच्या. एका खेळाडूनं आत येताच त्या लाथेनं उडवल्या आणि पुरावा खोलीभर विखुरला. त्याच्या डोळ्यांपुढे नंतर जे होतं ते निव्वळ पसारा. तेव्हापासून एक नियम केला: ज्या वस्तूच्या जागेवर अर्थ अवलंबून आहे ती हलत नाही. हलायच्या वस्तू वेगळ्या, बिनमहत्त्वाच्या. खेळाडूला काहीतरी ढकलायला मिळालं की तो बाकीच्यांच्या वाटेला जात नाही.

खाली गेलेल्या दोन कुटुंबांच्या खोल्या त्यामानानं सहज जमल्या. वेळेवर गेलेल्यांची खोली झाडलेली, भिंतीवर खिळे आणि तसबिरींच्या जागी फिके चौकोन. घाईनं गेलेल्यांची कपाटं उघडी, दारापाशी बांधून राहिलेलं एक गाठोडं. या दोन खोल्या एकमेकींसमोर ठेवल्या की अर्थ लागतो, वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवल्या तेव्हा लागत नव्हता.

दुसऱ्या फेरीत पुन्हा सहा जण बसले, सगळे नवीन. पाच जणांनी कुणाला तरी वरून उचलून खाली आणल्याचं सांगितलं. ‘कशावरून’ विचारल्यावर तिघांनी निळी चादर सांगितली, दोघांनी पडद्याचे दांडे. कुणाला आणलं यावर मात्र एकमत नव्हतं: म्हातारा, आजारी मुलगी, गरोदर बाई. ते आम्ही मुद्दाम तसंच सोडलं. पाइप फुटल्याचं कोपऱ्याबाहेर दाखवलं होतं, ते एकालाच दिसलं, आणि त्याची फारशी गरजही पडली नाही.

सहाव्यानंही बाकी सगळं बरोबर वाचलं, पण शेवटी म्हणाला की तो माणूस दारातच गेला. मी विचारलं, कशावरून? तो म्हणाला, ‘उशी खुर्चीवरच राहिली ना. जिवंत माणसाला नेताना त्याची उशी मागे ठेवतात का?’

यावर आमच्यात बराच वाद झाला. दोऱ्या कापलेल्या नाहीत, सोडवून गुंडाळून ठेवल्यात, म्हणजे कुणीतरी निवांतपणे त्याला उतरवून घेतलंय, असं माझं म्हणणं. मॉडेलरचं म्हणणं, गुंडाळलेली दोरी कोण बघतो, उशी सगळे बघतात. दुसऱ्या दिवशी मी उशी काढून टाकली आणि चादर तेवढी पाठीला बांधलेली राहू दिली. वरच्या खोलीत एका पलंगावर निळी उशी होतीच. पुढच्या आठवड्यात बसलेली मुलगी खुर्चीपाशी पोचली, चादरीकडे पाहिलं, बैठकीकडे पाहिलं, मग जवळ जाऊन खुर्चीच्या मागे आणि पायरीखालीही पाहिलं.

‘काय शोधताय?’ मी न राहवून विचारलं. प्लेटेस्टमध्ये असं विचारायचं नसतं.

‘उशी,’ ती म्हणाली. ‘सोबत नेलेली दिसतेय.’